हळदीचा मांडव आणि तीन रंगांची माणसं

आमच्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या लग्नसराईपासून एक मेसेज फिरतोय. तो आहे तसा:

«स्किन टोनचा रामबाण फॉर्म्युला. चेहरा सावळा असेल तर टेम्परेचर वाढवा, गोरा असेल तर कमी करा. व्हाइट बॅलन्स कुणाच्याही पांढऱ्या शर्टवर क्लिक करून लावा. मग ऑरेंजचा ल्युमिनन्स +30 आणि सॅच्युरेशन -20. एकच प्रीसेट, सगळ्या लग्नांना चालतो.»

व्हाइट बॅलन्स म्हणजे उजेडाच्या रंगामुळे फोटोवर आलेली झाक काढणं. टेम्परेचर वाढवलं की फोटो पिवळट होतो, कमी केलं की निळसर. आधी शर्टाचं बघू, कारण चूक तिथूनच सुरू होते.

आपल्याकडच्या लग्नात पांढऱ्या कपड्यांना तोटा नाही. आप्पांची टोपी, धोतर, पाहुण्यांचे कडक इस्त्रीचे शर्ट. पण यातलं काहीच खरं पांढरं नसतं. टोपीला आणि धोतराला नीळ दिलेली असते. शर्ट ज्या पावडरने धुतात तिच्यात उजळपणा आणणारी द्रव्यं असतात. ती उन्हातले अतिनील किरण शोषतात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात, म्हणून कपडा डोळ्यांना झगझगीत दिसतो. तुम्ही सॉफ्टवेअरमधला रंग उचलायचा ड्रॉपर नेऊन त्या शर्टावर टेकवला की सॉफ्टवेअर म्हणतं, हा निळसरपणा चुकीचा आहे. तो मारायला ते सगळ्या फोटोत पिवळा ओततं. शर्ट छान पांढरा होतो आणि सगळी वरात कावीळ झाल्यासारखी दिसते. नवा शर्ट, जुना शर्ट, नीळ जास्त झालेली टोपी, प्रत्येकावर क्लिक केलं की वेगळा आकडा येतो. खात्री करायची तर एकाच फोटोत तीन पाहुण्यांच्या शर्टांवर क्लिक करून बघा.

डोळ्यांचा पांढरा भाग किंवा दात यांच्यावर क्लिक करणारेही आहेत. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाचे डोळे लालसर असतात आणि तंबाखू खाणाऱ्याचे दात कसे असतात ते मी सांगायला नको.

त्यापेक्षा ग्रे कार्ड ठेवा, म्हणजे कुठलीच झाक नसलेलं राखाडी कार्ड. स्टेशनरीच्या दुकानातला राखाडी कागद नव्हे. तो डोळ्यांना राखाडी दिसतो, पण त्यात निळी किंवा तपकिरी झाक असते. कार्ड नवरीच्या हनुवटीजवळ, चेहऱ्याकडे जसा उजेड येतो त्याच कोनात धरायचं आणि एक फोटो काढायचा. दहा सेकंदांचं काम. उजेड बदलला की पुन्हा एक: मांडवात एक, ओट्यावर एक, रात्री दिवे लागले की एक. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. जेपेगमध्ये रंग आधीच भाजून आलेला असतो, नंतर तो थोडाफारच हलतो.

आता मुख्य मुद्दा, कातडीच्या रंगाप्रमाणे टेम्परेचर वरखाली करण्याचा. व्हाइट बॅलन्स माणसाचा करत नाहीत, उजेडाचा करतात. एकाच मांडवाखाली उभ्या असलेल्या काळ्या आणि गोऱ्या माणसावर एकच उजेड पडतो, तर दुरुस्तीही एकच असणार. «पण सावळ्याची कातडी मुळात वेगळ्या रंगाची असते ना?» असं एका नवख्या पोराने मला विचारलं होतं. त्याला मी कलरचेकर दाखवला. रंग तपासायचा 24 चौकोनांचा हा तक्ता 1976 पासून वापरात आहे. त्यातला पहिला चौकोन गडद कातडीचा आणि दुसरा उजळ कातडीचा.

गडद चौकोनाचे संगणकावरचे आकडे लाल 115, हिरवा 82, निळा 68. उजळ चौकोनाचे लाल 194, हिरवा 150, निळा 130. दोन्हींत लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा. आता लालमधून निळा वजा करा, हिरव्यातून निळा वजा करा, आणि दुसऱ्या उत्तराला पहिल्याने भागा. गडद चौकोनात 14 भागिले 47, म्हणजे सुमारे 30 टक्के. उजळ चौकोनात 20 भागिले 64, म्हणजे 31 टक्के. रंगाची जात जवळपास तीच. फरक आहे तो उजेड किती परत फेकला जातो यात: गडद चौकोन सुमारे 10 टक्के फेकतो, उजळ 36 टक्के. कॅमेऱ्याच्या भाषेत सुमारे पावणेदोन स्टॉपचं अंतर, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. खऱ्या माणसांत थोडं पुढेमागे होतं, कुणाच्या अंगात रक्ताची लाली जास्त, कुणाचा वर्ण पिवळट. पण तो फरक लहान असतो, आणि सावळेपणा हा पहिल्यांदा उजेडाचा फरक असतो, मग रंगाचा.

मे महिन्यात अमळनेर तालुक्यातल्या एका गावात हळद होती, त्यातला एक फोटो घेऊ. सकाळचे अकरा, वर पिवळ्या कापडाचा मांडव, खाली नवरी, तिचा मामा आणि मावशी. नवरी सावळी, मामा उन्हाने काळाभोर, मावशी गोरीपान. कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सने टेम्परेचर 5,100 केल्विन पकडलं होतं आणि तिघंही पिवळे आले होते. आकडे मी गालावर घेतले नाहीत, कारण गालावर हळद होती. हळद पिवळीच दिसायला हवी, ती पुसून काढायला आपण बसलेलो नाही. कानाखाली, जिथे हळद पोचली नव्हती तिथे, मामाचे आकडे 102, 78, 48 आणि मावशीचे 208, 170, 118. वरचा भागाकार केला तर मामाचे 56 टक्के, मावशीचे 58. बघा, दोघं सारखेच बिघडले होते, आणि एकाच दिशेला. फॉर्म्युल्याप्रमाणे मामाचं टेम्परेचर वाढवलं असतं तर तो अजून पिवळा झाला असता.

कार्डावर क्लिक केलं. टेम्परेचर 4,350 वर आलं आणि टिंट +12 वर, म्हणजे कापडातून झिरपलेली हिरवट झाकही निघाली. आता मामा 97, 68, 57, नवरी 148, 106, 86, मावशी 201, 158, 135. भागाकार अनुक्रमे 28, 32 आणि 35 टक्के. एका क्लिकमध्ये तिघंही जागेवर. माझ्या कामात हा आकडा पंचवीस ते चाळीस टक्क्यांच्या दरम्यान राहिला की कातडी कातडीसारखी दिसते. निम्म्याच्या वर गेला तर माणूस पिवळा पडतो. पाचव्या हिश्शाच्या खाली आला तर गुलाबी होतो, आणि निळा आकडा हिरव्याच्या पुढे गेला तर ओठ जांभळे पडलेले दिसतात.

पण कार्डाने एकदम कोरडा, दवाखान्यातल्यासारखा फोटो येतो हेही खरं. पिवळ्या मांडवाखालची हळद थोडी पिवळी वाटलीच पाहिजे. म्हणून मी टेम्परेचर 4,600 केलं, अडीचशेने वर. हे सगळ्या फोटोला, तिघांनाही सारखंच. किती वाढवायचं याची माझी खूण म्हणजे मावशीच्या गळ्यातली पोत. सोनं आणि गळा एकाच रंगाचे दिसायला लागले की आपण जास्त गेलो, मागे यायचं.

सावळ्या चेहऱ्याला ऊब हवी, हा समज कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. मांडवाबाहेर, निंबाच्या सावलीत, घामाने चमकणाऱ्या काळ्या कपाळावर आकाशाचं निळं प्रतिबिंब पडतं. गोऱ्या कपाळावरही पडतं, पण तिथे कातडीचाच उजेड इतका असतो की ते बुडून जातं. काळ्यावर ते उठून दिसतं आणि माणूस निळसर राखाडी वाटतो. म्हणून लोक सगळा फोटो तापवतात. खरं तर बिघाड फक्त चकाकीत आहे. कपाळ रुमालाने टिपायला सांगा. तेवढ्याने भागलं नाही तर सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच चकाकीचा भाग निवडणारा मऊ कडेचा मास्क टाकून तिथलं टेम्परेचर किंचित वाढवा, बाकीचा चेहरा सोडा.

ऑरेंजच्या पट्टीबद्दल मी जरा तावातावाने बोलणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका अल्बममध्ये सावळ्या नवरीचा ऑरेंज ल्युमिनन्स, म्हणजे नारिंगी रंगाचा उजळपणा, मी असाच चढवला आणि सॅच्युरेशन, म्हणजे त्या रंगाचा भडकपणा, उतरवलं. अल्बम घेऊन गेलो. नवरीच्या आईने दोन पानं उलटली आणि म्हणाली, «हाई मनी पोर नही शे.» मी आधी हसण्यावारी नेलं. मग तिने पोरीला बाहेर बोलावून अल्बमच्या शेजारी उभं केलं. फोटोतला चेहरा राख फासल्यासारखा होता, गालाची गोलाई गेलेली, केसांच्या कडेला फिकट रेघ, आणि हनुवटीखालच्या सावलीत दाणे. अल्बम माझ्या खर्चाने पुन्हा छापला.

झालं काय होतं? सावळ्या चेहऱ्याचा आकार उजेड आणि सावलीच्या उतारातून कळतो आणि हा सगळा उतार नारिंगी रंगातच असतो. ती पट्टी वर ढकलली की सावल्याही वर येतात आणि उतार सपाट होतो. त्यात सॅच्युरेशन काढलं की उरतो राखाडी. शिवाय ही पट्टी चेहरा ओळखत नाही. भगवा फेटा, झेंडूच्या माळा, मातीची भिंत, सोनं, सगळंच फिकं पडतं.

चेहरा खरोखर अंधारात गेला असेल तर उजेड वाढवा, रंगाला हात लावू नका. आणि तो अंधारात जातो बहुतेक वेळा कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरमुळे. भोवती पांढऱ्या टोप्या आणि शर्ट असले की मीटर घाबरून सगळा फोटो दाबतो आणि मामा नुसती सावली होऊन बसतो. तिथे फोटो काढतानाच अर्धा स्टॉप वाढवायचा, शर्ट थोडा जळला तरी चालेल. उलट एकाच ठिपक्याचा उजेड मोजणारा स्पॉट मीटर थेट काळ्या चेहऱ्यावर धरलात तर कॅमेरा त्याला मध्यम राखाडी करायला बघतो, म्हणून तिथे पाऊण स्टॉप कमी करायचा. नंतर मास्क लावून मामाच्या चेहऱ्याला मी +0.30 एक्स्पोजर दिलं, त्याहून जास्त नाही. तो मावशीइतका उजळ दिसायचं काहीच कारण नव्हतं. नवरीला काहीच केलं नाही.

राहिला एकच प्रीसेट, म्हणजे जपून ठेवलेली तीच ती सेटिंग. एका उजेडातल्या फोटोंना एकच दुरुस्ती लावणं बरोबरच आहे, मीही कार्डाचे आकडे मांडवातल्या सगळ्या फोटोंवर चिकटवतो. पण ती त्या मांडवाची, त्या तासाची. त्याच घरी संध्याकाळी पिवळ्या माळा पेटल्या आणि व्हिडिओवाल्याने पांढरा एलईडी लावला, तेव्हा नवरीचा एक गाल नारिंगी आणि दुसरा निळसर आला. तिथे कुठलाही एक आकडा दोन्ही गालांना पुरत नाही. मग माझ्या फ्लॅशला नारिंगी जिलेटिन लावलं, व्हिडिओवाल्यालाही एक तुकडा दिला, आणि दोन्ही उजेड जवळ आले. नंतर डीजेवाल्याने जांभळे दिवे फिरवले. तसल्या उजेडात हिरवा जवळजवळ नसतोच, आणि जो रंग सेन्सरवर आलाच नाही तो पट्टी सरकवून आणता येत नाही. त्या वेळचे नाचाचे चार फोटो मी काळेपांढरे करून दिले.