बेरीज जुळते तरी पगार कमी, बेरीज चुकते तरी पगार बरोबर

कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरणारा मजकूर असा:

«पगाराची स्लिप तपासत बसू नका. ती सॉफ्टवेअर बनवतं, बेरीज चुकत नाही. ग्रॉसमधून एकूण कपात वजा केली आणि नेट आलं की स्लिप बरोबर. थोडाफार फरक राउंडिंगचा असतो. पीएफ कापला तरी तो आपल्याच खात्यात जातो. आणि नेटची रक्कम बँकेत आली की विषय संपला.»

सॉफ्टवेअरपासून सुरुवात करतो. पगाराचा हिशेब करणारा भाग आणि स्लिप छापणारा भाग वेगवेगळे असतात. छपाईचा साचा कोणीतरी एकदा बसवलेला असतो: कोणत्या ओळी दाखवायच्या, ‘एकूण’च्या खान्यात कोणता आकडा आणायचा. मध्येच कँटीनची कपात सुरू झाली आणि साच्यात तिची ओळ घालायची राहिली, तर ती रक्कम एकूण कपातीत मोजली जाते पण ओळ दिसत नाही. लहान कारखान्यांत तर सॉफ्टवेअर म्हणजे बहुतेक वेळा एक्सेलच. तिथे कपातीच्या बेरजेचं सूत्र असं असतं:

```
=SUM(B10:B13)
```

चौदाव्या ओळीत नवी कपात लिहिली की ती या बेरजेत येत नाही. यंत्राने बेरीज बरोबरच केलेली असते, फक्त सांगितलेल्या ओळींचीच केलेली असते. म्हणून पहिलं काम साधं: डावीकडच्या मिळकतीच्या ओळी स्वतः बेरजेला घ्या, उजवीकडच्या कपातीच्या घ्या, आणि मग छापलेल्या दोन्ही ‘एकूण’शी ताडून पाहा. लोक थेट तळाच्या तीन आकड्यांची वजाबाकी करतात आणि वरच्या ओळींकडे बघतच नाहीत.

आता मुख्य मुद्दा, वजाबाकी जुळण्याचा. यासाठी एक हिशेब पूर्ण मांडतो. पुण्याजवळच्या कारखान्यातला एक कामगार धरू. ठरलेला पगार असा: बेसिक १५,०००, घरभाडे भत्ता ६,०००, प्रवास भत्ता १,५००, विशेष भत्ता ६,०००. एकूण २८,५००. सप्टेंबर महिना, दिवस तीस, त्यातले दोन बिनपगारी. एका दिवसाचे २८,५०० भागिले ३० म्हणजे ९५० रुपये, दोन दिवसांचे १,९००. अठ्ठावीस दिवसांची मिळकत झाली: बेसिक १४,०००, घरभाडे ५,६००, प्रवास १,४००, विशेष ५,६००. एकूण २६,६००.

कपात: पीएफ १४,००० च्या बारा टक्के म्हणजे १,६८०, व्यवसाय कर २००, कँटीन ६२०, घेतलेल्या उचलीचा हप्ता २,०००. एकूण ४,५००. हातात यायला हवेत २२,१००.

समजा पहिल्या स्लिपवर असं छापून आलं: ग्रॉस २८,५००, एकूण कपात ४,५००, नेट २२,१००. वजाबाकी करून पाहिली तर २४,००० येतात. १,९०० गायब! कोणीही म्हणेल, पैसे खाल्ले. पण इथे कोणी काही खाल्लेलं नाही. स्लिपवर दोन रकाने असतात, एक ठरलेल्या दराचा आणि एक त्या महिन्यात प्रत्यक्ष मिळालेल्याचा. ‘ग्रॉस’च्या खान्यात दराच्या रकान्याची बेरीज छापली गेली, नेट मात्र मिळकतीच्या रकान्यावरून काढलं गेलं. स्लिप चुकीची आहे, दुरुस्त करून घ्यायलाच हवी, कारण उद्या कर्जाला जाल तेव्हा बँकेतला माणूस नेमकं यावरच बोट ठेवेल. पण पगार बरोबर मिळाला आहे.

दुसरी स्लिप: ग्रॉस २६,६००. कपातीत वरच्या चार ओळी आणि पाचवी ‘रजा कपात १,९००’. एकूण कपात ६,४००. नेट २०,२००. करा वजाबाकी. पैशापैशाला जुळते. आणि या स्लिपवर कामगाराचे १,९०० रुपये गेले आहेत. मिळकत आधीच अठ्ठावीस दिवसांची धरली आहे आणि मग तेच दोन दिवस कपातीत पुन्हा कापले आहेत.

हे ओळखायचं कसं? पीएफवरून. पीएफची रक्कम बाराने भागून शंभराने गुणा: १,६८० वरून १४,००० येतात. म्हणजे बेसिक आधीच कमी करून घेतलेलं आहे, नाहीतर पीएफ १,८०० आला असता. बेसिक कमी झालेलं आणि रजेची ओळ कपातीत, या दोन गोष्टी एकाच स्लिपवर बरोबर असू शकत नाहीत. एक मर्यादा सांगतो. ज्यांचं बेसिक पंधरा हजारांपेक्षा बरंच जास्त आहे आणि कंपनी कायद्याच्या मर्यादेपुरताच पीएफ कापते, त्यांचा पीएफ दोन दिवस रजा झाली तरी १,८०० वरच राहतो. त्यांना ही खूण मिळणार नाही. त्यांनी घरभाडे भत्त्याची रक्कम नेमणूकपत्रातल्या आकड्याशी लावून बघावी.

रजेच्या दिवसाचा दर कुठे तीसने भागून काढतात, कुठे महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी, कुठे सव्वीसने. सव्वीसने भागलं तर वरच्या कामगाराचा दिवस ९५० ऐवजी १,०९६ रुपयांचा होतो. हे आपोआप चूक नाही, पण मग रजाही रविवार सोडूनच मोजायला हवी. माझी कसोटी अशी: माणूस अख्खा महिना आलाच नाही तर कपात बरोबर पगाराएवढी यायला हवी. दिवस तीस मोजले आणि दर सव्वीसचा लावला, तर ती पगारापेक्षा मोठी येते. असा भाजक आणि मोजणीचा घोळ मला दुहेरी कपातीपेक्षाही जास्त वेळा दिसतो, आणि तो करणाऱ्याला बहुधा कळतही नाही.

राउंडिंगबद्दल. पीएफ जवळच्या पूर्ण रुपयाला आणतात. ईएसआय म्हणजे कामगार विम्याची कपात असेल तर ती वरच्या पूर्ण रुपयाला नेतात. म्हणजे एका ओळीत फरक पडला तरी तो रुपयाच्या आतला. पाचसहा ओळींच्या स्लिपवर सगळे मिळून दोनतीन रुपये, त्याहून जास्त नाही. चाळीस रुपयांचा फरक राउंडिंगचा नसतो.

खरं तर फरकाचा आकडाच बहुतेक वेळा कारण सांगतो. तो एखाद्या ओळीएवढाच असेल, समजा ६२०, तर ती ओळ बेरजेत धरायची राहिली आहे किंवा दोनदा धरली आहे. फरकाचं निम्मं केल्यावर एखादी ओळ सापडली, तर ती उलट्या बाजूला गेली आहे: वजा करायची ती मिळवली, किंवा उलट. नऊने पूर्ण भाग जात असेल तर हाताने टाइप करताना दोन अंक उलटसुलट झाले असण्याची शक्यता आहे, ५,६०० चे ६,५०० झाले की फरक ९०० येतो. पण हा शेवटचा धागा शंकेपुरताच धरा, कारण नऊने भाग जाणारे आकडे सहजही येतात. महाराष्ट्रात फेब्रुवारीत नेट अचानक १०० रुपयांनी घटलं तर मात्र घाबरू नका. व्यवसाय कर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो, वर्षाचे २,५०० पुरे करण्यासाठी. महिलांना मात्र एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा करच नाही. तरीही कोणाच्या स्लिपवर ती ओळ दिसत असेल तर ती जुन्या साच्यातून आलेली आहे.

पीएफचं. पंधरा हजार बेसिकवर फरक नेमका १,८०० चा आला, किंवा आमच्या उदाहरणात १,६८० चा, तर तो मालकाच्या वाट्याचा आहे असं समजून शोधा. पीएफ योजनेच्या नियमांनुसार मालकाला आपला हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. पण सीटीसीच्या, म्हणजे कामगारामागे कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चाच्या, हिशेबात तो हिस्सा धरलेला असतो, आणि काही ठिकाणी स्लिपवर ‘ग्रॉस’ या नावाखाली सीटीसीच छापतात. तो हिस्सा मिळकतीत दाखवून पुन्हा कपातीत दाखवला असेल तर नेटवर परिणाम होत नाही, नुसता आकड्यांचा फुगा आहे. मिळकतीत ओळ नाही आणि कपातीत मात्र दोन्ही हिस्से आहेत, असं दिसलं तर दोन्ही वाटे कामगारच भरतोय.

आणि स्लिपवर कापलेला पीएफ खात्यात पोचलाच, हे स्लिप सांगू शकत नाही. ते पीएफचं पासबुक सांगतं. महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो, शिवाय नोंद दिसायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यात शोधू नका. नंतर यूएएन या आपल्या पीएफच्या क्रमांकाने पासबुक उघडा. आमच्या कामगाराला तिथे तीन आकडे दिसायला हवेत: स्वतःचे १,६८०, पेन्शनमध्ये १,१६६ आणि मालकाच्या वाट्यातले उरलेले ५१४. शेवटच्या दोहोंची बेरीज पुन्हा १,६८०. स्वतःचा आकडा कमी दिसला तर पगारातून कापला एक आणि भरला दुसरा. महिनाच गायब असेल तर अजून वाईट.

राहिली बँक. बँकेला जाणारी यादी स्लिपवरच्या नेटच्या आकड्यावरूनच तयार होते. त्यामुळे ते दोन आकडे जुळले याचा अर्थ यादी नीट पाठवली गेली, एवढाच. वरच्या दुसऱ्या स्लिपचे २०,२०० बँकेतही २०,२०० च येतील. न जुळले तर मात्र ती वेगळी बातमी असते: जमा जास्त असेल तर बहुधा इन्सेंटिव्ह किंवा खर्चाची भरपाई त्याच दिवशी आली, कमी असेल तर स्लिप छापल्यानंतर कोणीतरी काहीतरी कापलं, आणि त्याची ओळ मागायला हवी.

विचारायला जाताना ‘पगार कमी आला’ असं म्हणू नका. त्यावर ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळतं. लेखी, ओळ आणि आकडा धरून विचारा: «सप्टेंबरच्या स्लिपवर बेसिक १४,००० आणि पीएफ १,६८० आहे, म्हणजे मिळकत २८ दिवसांची धरली आहे. तरी कपातीत रजेचे १,९०० वेगळे दाखवले आहेत. ते परत करून सुधारित स्लिप द्यावी, किंवा ही कपात कोणत्या दिवसांची आहे ते कळवावं.» सोबत त्या महिन्याचं हजेरीपत्रक जोडा, आणि जुनी स्लिप फेकू नका. ऑक्टोबरच्या स्लिपवर ‘थकबाकी’ या ओळीत १,९०० आले की नाही, ते त्या दोन्ही शेजारी ठेवूनच बघावं लागतं.