काही खरं नाही

"त्या जुन्या डेटाचं काही खरं नाही हं."

जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायचा आमचा प्रोजेक्ट. गुरुवारी रात्री पावणेअकराला त्याच्या ग्रुपवर हा मेसेज पडला. खाली तीन हसरे चेहरे आणि एक जोडलेले हात. सकाळी मॅनेजरांचा निरोप आला, "हे रिस्क रजिस्टरमध्ये टाका, थोडक्यात."

रजिस्टरचे रकाने चार: कारण, जोखीम, परिणाम, उपाय. 'काही खरं नाही' हे चारही रकान्यांत बसतं आणि एकातही बसत नाही. मी लिहिलं: जोखीम, प्रोजेक्ट लांबेल. परिणाम, प्रोजेक्ट लांबेल. उपाय, लक्ष ठेवणे.

"लक्ष कोण ठेवणार, कशावर?" मॅनेजरांनी विचारलं. "आणि लांबणं हा परिणाम झाला. कारण म्हणजे आज खरं असलेलं. जोखीम म्हणजे घडेल किंवा घडणार नाही असं."

मग मी मेसेजवाल्याला गाठलं. "नक्की काय खरं नाही?"

"अरे, तारखा! जुन्या सिस्टिममध्ये तिथे काहीही टाइप करता येतं. एकाने जन्मतारखेच्या जागी 'आईला विचारून सांगतो' लिहिलंय."

त्याने ५०० नोंदी नव्या सिस्टिममध्ये भरून पाहिल्या होत्या, त्यातल्या ३५ अडल्या. हा आकडा हसऱ्या चेहऱ्यांखाली दडून बसला होता. एकूण नोंदी ४० हजार, म्हणजे याच हिशेबाने २८०० अडणार. एकेक दुरुस्त करायला दोन मिनिटं धरली तरी त्र्याण्णव तास, आणि डेटा हलवायला आपल्या हातात शनिवार-रविवारचे अठ्ठेचाळीस. तेही न झोपता.

"५०० कुठून घेतल्यास?"

"वरून."

वरच्या म्हणजे सगळ्यात जुन्या. बाकीच्या बऱ्या असतील किंवा याहून भयंकर. आईला विचारणारे शेवटी किती निघतील, ते कोण सांगणार? म्हणून शेवटी नोंद अशी झाली:

कारण: जुन्या सिस्टिममध्ये तारखेच्या जागी कोणताही मजकूर चालतो, सर्वांत जुन्या ५०० पैकी ३५ नोंदी चाचणीत अडल्या.
जोखीम: डेटा हलवताना नवी सिस्टिम बऱ्याच नोंदी नाकारू शकते.
परिणाम: दुरुस्ती शनिवार-रविवारात न संपल्यास सोमवारी जुनीच सिस्टिम चालवावी लागेल.
उपाय: तीन आठवडे आधी सगळ्या डेटाची रंगीत तालीम करून अडलेल्या तारखा दुरुस्त करणे, मग पुन्हा तालीम. तीतही ४०० हून अधिक अडल्या तर डेटा हलवण्याची तारीख पुढे ढकलणे.

मॅनेजर खूश. मग त्यांनी उजवीकडे सरकून पाचवा रकाना दाखवला, जबाबदार व्यक्ती, आणि त्यात मेसेजवाल्याचं नाव घातलं.

"मी नुसतं बोललो होतो रे!" तो कळवळला. लोक धोका इतका मोघम का सांगतात, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या गुरुवारी रात्री ग्रुपवर त्याचा मेसेज आला, "सर्व्हरचं पण जरा..." मी उघडेपर्यंत त्याने तो डिलीट केला होता.

मी रजिस्टरमध्ये नवी ओळ घातली. पाचवा रकाना तेवढा भरून ठेवलाय.