पहिलं अपील फेटाळलं? मग नव्वद दिवस मोजायला लागा

«माहिती अधिकारात पहिलं अपील फेटाळलं की खेळ खलास. दुसरं अपील मुंबईला, वकील लावून, हजारोंचा खर्च. त्यापेक्षा कलम १८ खाली आयोगाकडे थेट तक्रार ठोका, माहिती झक मारत देतात. नाहीतर नवा अर्ज टाका, सगळी मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सर्व ग्रुपवर पाठवा.»

हा मेसेज २ जूनला मला माझ्या मामांकडून आला. खाली त्यांनी लिहिलं होतं, «तक्रारीचा कागद तयार आहे, उद्या टाकतो.» मी लगेच फोन लावला, कारण त्यांच्याकडे दहाच दिवस उरले होते आणि त्यांना ते माहीतच नव्हतं.

मामांचं गाव सातारा जिल्ह्यात. घरासमोरचा काँक्रीटचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला, म्हणून त्यांनी ६ जानेवारीला अर्ज केला. कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराला दिलेलं देयक, या तिन्हींच्या प्रती मागितल्या. चौथी ओळ होती, «रस्ता निकृष्ट का झाला याचा खुलासा करावा.» २ फेब्रुवारीला जन माहिती अधिकाऱ्याचं उत्तर आलं, «त्रयस्थ पक्षाची माहिती असल्याने देता येत नाही.» ९ फेब्रुवारीला त्यांनी त्याच्या वरच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील केलं. त्याचा आदेश ६ मार्चचा, एका ओळीचा: जन माहिती अधिकाऱ्याचा निर्णय कायम. तो त्यांच्या हातात पडला १४ मार्चला.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम १९(३) प्रमाणे राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करायला नव्वद दिवस मिळतात. आदेश हातात पडला त्या दिवसापासून ते मोजायचे, आदेशावरच्या तारखेपासून नाही. अपिलीय अधिकाऱ्यानं आदेश दिलाच नाही, तर तो द्यायला हवा होता त्या दिवसापासून. मामांची मुदत म्हणून १२ जूनला संपते, आणि १४ मार्च सिद्ध करणारा एकमेव पुरावा म्हणजे टपालाचा शिक्का असलेलं पाकीट. ते त्यांनी टाकून दिलं नव्हतं, हे नशीब. मुदत उलटली तरी सबळ कारण असेल तर आयोग अपील घेऊ शकतो, पण «व्हॉट्सॲपवर वाचलं होतं» हे सबळ कारण कसं ठरणार?

आता त्या तक्रारीबद्दल. मेसेजमधला सगळ्यांत घातक भाग हाच आहे. सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर २०११ ला «मुख्य माहिती आयुक्त विरुद्ध मणिपूर राज्य» या खटल्यात हा मुद्दा निकालात काढला. कलम १८ च्या तक्रारीवर आयोग चौकशी करू शकतो, कलम २० खाली दंड लावू शकतो, पण माहिती द्या असा आदेश देऊ शकत नाही. माहिती नाकारली गेली असेल तर वाट कलम १९ ची, म्हणजे अपिलाची. मामांनी ३ जूनला तक्रार टाकली असती, तर ती आयोगात पडून राहिली असती आणि तेवढ्यात १२ जून निघून गेला असता. यदाकदाचित तक्रार मंजूर होऊन अधिकाऱ्याला दंड झाला असता, तरी मोजमाप पुस्तिका पंचायतीच्या कपाटातच राहिली असती. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्याला कुणाचं काय नुकसान होतंय याची काही फिकीर आहे का?

तक्रार निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. अर्जच घेतला नाही, माहिती अधिकारीच नेमलेला नाही, मुदतीत उत्तर आलं नाही, अवाच्या सवा शुल्क मागितलं, खोटी किंवा अर्धवट माहिती दिली, अशा वेळी ती जरूर करावी. पण ती अपिलाबरोबर वेगळी करायची, अपिलाच्या जागी नाही. शिवाय दंड दुसऱ्या अपिलातही मागता येतो: दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये, आणि तोही जन माहिती अधिकाऱ्याला. अपील फेटाळणाऱ्या अधिकाऱ्याला कलम २० चा दंड लागत नाही.

मुंबई, वकील आणि हजारो रुपये यांबद्दल फार लिहीत नाही. आयोगाची खंडपीठं विभागवार आहेत, साताऱ्याचं अपील पुण्याला जातं. वकील लागत नाही. दुसऱ्या अपिलाचा नमुना म्हणजे जोडपत्र क, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज, उत्तर, पहिलं अपील आणि आदेश यांच्या स्वसाक्षांकित प्रती, टपालखर्च. संपलं.

उशीर लागतो, हे मात्र खरं आहे आणि मान्य करायलाच हवं. आयोगात सुनावणीला महिनोन्‌महिने जातात, कधी वर्षही उलटतं. मेसेजच्या मागचा वैताग तिथूनच येतो. पण तक्रारही त्याच रांगेत उभी राहते, मग वेळ वाचला कुठे?

नव्या अर्जाचंही अर्धंच खरं. नवा अर्ज करायला बंदी नाही, पण त्यानं जुन्या अपिलाची मुदत एका दिवसानंही वाढत नाही. तोच अर्ज तसाच टाकला तर तेच उत्तर हातात पडणार. चूक आपल्या प्रश्नात असेल तेव्हा नव्या अर्जाचा खरा उपयोग. मामांची चौथी ओळ बघा. «का झाला» याला कार्यालयानं उत्तर तयार करून देणं कायद्यात नाही, दप्तरात जे आहे तेच मागता येतं. म्हणून ती ओळ आम्ही अपिलात ताणली नाही. नव्या अर्जात लिहिलं, «सदर कामाच्या काँक्रीट घनचाचणी अहवालांच्या छायांकित प्रती मिळाव्यात.» काँक्रीटची ताकद तपासणारी ही चाचणी झाली असेल तर आकडे मिळतील, झाली नसेल तर «अहवाल उपलब्ध नाही» असं लेखी मिळेल, आणि ते तर जास्तच कामाचं. दरम्यान दर सोमवारी ३ ते ५ दप्तर पाहू देण्याचा २०१८ चा शासन निर्णय स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू आहे, तोही वापरावा.

दुसऱ्या अपिलात आम्ही रडगाणं गायलं नाही, दोनच मुद्दे घेतले. पहिला, त्रयस्थ पक्षाचं कारण द्यायचं तर कलम ११ प्रमाणे अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्या पक्षाला लेखी नोटीस देऊन त्याचं म्हणणं घ्यावं लागतं. तशी नोटीस दिल्याचा उल्लेख ना उत्तरात, ना आदेशात. देयकावर ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा झाकून बाकीचा कागद देता येतो. दुसरा, नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नं जन माहिती अधिकाऱ्यावर टाकली आहे, आणि एका ओळीच्या आदेशात त्याचा मागमूस नाही. विनंतीच्या रकान्यात तिन्ही कागद नावानिशी लिहिले, आणि मुदत उलटून दिल्यास माहिती विनाशुल्क द्यावी लागते, त्या कलम ७(६) चा दाखला मुद्दाम टाळला. उत्तर सत्ताविसाव्या दिवशी आलं होतं, मग न टिकणारा मुद्दा घालायचा कशाला?

आयोगानंही फेटाळलं तर कलम २३ मुळे खालच्या न्यायालयात दाद मागता येत नाही, उच्च न्यायालयात रिट करावी लागते. तिथे मात्र वकिलाचा आणि खर्चाचा विचार करावा लागेल.

काल, ४ जूनला, मामांनी अपील स्पीड पोस्टानं पुण्याला पाठवलं, एकेक प्रत दोन्ही अधिकाऱ्यांना दिली आणि नव्या अर्जावर दहाचा स्टॅम्प लावून पंचायतीतून पोहोच घेतली. तक्रारीचा कागद अजून घरातच आहे. १४ मार्चचं पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाइलीत लावलं, त्याची छायाप्रत अपिलाला जोडली आहे.