रक्ती हगवण : ताक, चुना आणि चुकीचं औषध

कोंबडीची पिल्लं रक्त हगायला लागली की असा सल्ला मिळतो: “पिल्लं लाल हगायला लागली म्हणजे उष्णता झाली. ताक-हळद द्या, सोबत एन्रोफ्लॉक्सासिन आणि बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून. भुशावर चुना मारा. जवळ बकऱ्या असतील तर करडांनाही तेच द्या, त्यांना कोंबड्यांकडूनच लागतं.”

उष्णतेने पिल्लू धापा टाकतं आणि पातळ हगतं, रक्त हगत नाही. म्हणूनच नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात नाही, तर जुलै-ऑगस्टच्या ओलाव्यात ही तक्रार जास्त येते. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलात रक्त दिसलं, तर पहिला संशय आयमेरिया या परजीवीचा घ्यावा, म्हणजे कॉक्सीडिओसिसचा. मात्र प्रत्येक तांबूस विष्ठा रक्ताची नसते. कोंबडी दिवसातून काही वेळा चॉकलेटी, चिकट, जास्त वास मारणारी विष्ठा टाकते. ती निरोगी असते. रात्री शेडच्या एका कोपऱ्यात कागद अंथरा आणि सकाळी पाहा. कागदावर ताजं लाल रक्त किंवा गुठळ्या, आणि कोपऱ्यात पिसं फुगवून, मान आखडून बसलेली फिकट तुऱ्याची पिल्लं, असं दोन्ही दिसलं की थांबू नका. मेलेलं पिल्लू नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या दवाखान्यात उघडून घ्या. आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन आंधळ्या पिशव्या रक्ताने फुगलेल्या असतील, तर निदान जवळपास पक्कं.

एन्रोफ्लॉक्सासिन जिवाणूंवर चालतं, आयमेरियावर नाही. त्यात दोन-तीन दिवस जातात, आणि मरतुकीचे दिवस नेमके तेच. इथे आयमेरियावर चालणारं अँप्रोलियम लागतं. आजारी पिल्लू खाणं सोडतं पण पाणी पितं, म्हणून औषध खाद्यातून न देता पाण्यातूनच, आणि रक्त हगणाऱ्या पिलांना वेगळं काढून नव्हे तर पूर्ण लॉटला. 24 दिवसांच्या 500 गावरान पिलांचा हिशोब धरा: दिवसाला साधारण 40 लिटर पाणी. 20 टक्क्यांच्या पावडरीचे 1.2 ग्रॅम लिटरला, म्हणजे रोज 48 ग्रॅम, पाच दिवस. द्रावण रोज ताजं करा आणि दुसरं पाणी शेडमध्ये ठेवू नका. त्यानंतर आठवडाभर लिटरला 0.3 ग्रॅम, म्हणजे रोज 12 ग्रॅम. डब्यावरची टक्केवारी वेगळी असेल तर हे आकडे बदलतील, तेव्हा आधी लेबल वाचा.

बी-कॉम्प्लेक्सचा सल्ला मात्र थेट घातक आहे. अँप्रोलियमची रचना व्हिटॅमिन बी-1 सारखी असते. परजीवी ते बी-1 समजून घेतो आणि उपाशी मरतो. सोबत खरंच बी-1 दिलं, तर औषधाचा जोर तिथेच संपतो. कोर्स संपल्यावर द्या, तोवर नको.

आता भुशाकडे, कारण रोग तिथून येतो. विष्ठेतून पडलेली परजीवीची अंडी लगेच लागण करत नाहीत. त्यांना ओल, ऊब आणि हवा मिळाली तर एक-दोन दिवसांत पिकतात. पिलाने ती टिपली की चार-पाच दिवसांनी रक्त दिसतं. म्हणजे 22 जुलैला रक्त दिसलं, तर 15-16 जुलैला कोणता ड्रिंकर गळत होता किंवा कुठून पाऊस आत आला, ते आठवा. ओल्या भुशावर चुना मारला की अमोनिया सुटतो, पिलांचे डोळे चुरचुरतात, आणि अंड्यांचं कवच चुन्याने फारसं बिघडत नाही. नेहमीची फिनाइलही त्यांना मारत नाही. मूठभर भुसा दाबून पाहा: हात उघडल्यावर विस्कटला तर ठीक, लाडू तसाच राहिला तर जास्त ओला. ड्रिंकरखालचे चिकट पापुद्रे फावड्याने काढून शेडबाहेर लांब टाका, जागी कोरडा धानाचा भुसा घाला, रोज सकाळ-संध्याकाळ उलथा. ड्रिंकरची कड पिलाच्या पाठीच्या उंचीला ठेवा; खाली असली तर पाणी सांडतंच. पावसाच्या भीतीने पडदे पूर्ण बंद करू नका, वरचा फूटभर भाग उघडा राहू द्या, नाहीतर वाफ आतच कोंडते.

करडांचं प्रकरण वेगळं आहे. कोंबडीचा आयमेरिया बकरीला लागत नाही, दोघांच्या जाती निराळ्या. शिवाय करडात रक्त दिसलंच पाहिजे असं नाही. लेंडीऐवजी काळसर, पेस्टसारखी विष्ठा, शेपूट माखलेली, कुंथणं आणि वजन थांबणं, एवढंच असू शकतं. कृमींमुळेही असंच दिसतं, म्हणून शेणाची तपासणी आधी. अँप्रोलियम करडालाही चालतं, पण तोंडातून, वजनावर: पशुवैद्यकाच्या सांगण्याने किलोला 50 मिलिग्रॅम, पाच दिवस. दहा किलोच्या करडाला 20 टक्के पावडरीचे अडीच ग्रॅम. अंदाजाने जास्त किंवा जास्त दिवस दिलं तर बी-1 च्या कमतरतेने करडू आंधळ्यासारखं चालतं, मान मागे टाकतं. असं दिसलं तर अँप्रोलियम तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून बी-1 चं इंजेक्शन द्या.