डाकिरी बिघडते तेव्हा आधी काय बदलावे?

क्युबातील सांतियागोजवळच्या डाकिरी या गावावरून नाव पडलेल्या या कॉकटेलमध्ये पांढरी रम, लिंबाचा रस आणि साखर एवढेच असते, त्यामुळे यातील एखादी गोष्ट चुकली तर ती झाकायला चौथे काही नसते. म्हणूनच कोणाचा हात किती सरावलेला आहे हे मला त्याच्या डाकिरीवरून कळते.

माझे सुरुवातीचे माप ६० मिली रम, २५ मिली रस आणि २० मिली पाक असे आहे. हा पाक एकतारी नव्हे. साखर आणि पाणी वजनाने सारखे घेऊन नुसते ढवळून विरघळवलेला. वाटीने मापले तर साखर वजनाला कमी भरते आणि पाक पातळ होतो. मग पाककृतीतले आकडे जुळत नाहीत आणि दोष मात्र लिंबाला दिला जातो.

गेल्या शनिवारी मित्राने याच मापाने केलेली डाकिरी पहिल्याच घोटाला जबडा आवळणारी लागली. आमची कागदी लिंबे त्या दिवशी फार आंबट होती. त्याचा हात लगेच रमच्या बाटलीकडे गेला, पण रम वाढवल्याने आंबटपणाचा तोल सुधारत नाही, फक्त पेय कडक होते. मी रम आणि रस तेवढेच ठेवून पाक २५ मिली केला, आणि दुसऱ्या पेल्यात लिंबाचा वास राहिला, चावरेपणा गेला. दोन्ही मापे एकाच वेळी बदलली असती, तर फरक कशाने पडला हे कळलेच नसते. उलट ओठांना चिकटपणा जाणवला आणि रमची चव दबली, तर पाक वाढवण्याऐवजी ५ मिलीने कमी करावा.

तिसरा दोष ओळखायला अवघड आहे, कारण तो मापात नसतो. घशात जळजळ होत असेल आणि आंबट-गोड मात्र ठीक असेल, तर साखर घालू नये. शेकर आणखी थोडा हलवावा. बर्फ वितळून आलेले पाणी हाही डाकिरीचा भागच आहे. मोठ्या, घट्ट बर्फाने साधारण १२ सेकंद जोरात हलवले की पुरते. ओलसर, अर्धवट वितळलेल्या बर्फाने मात्र तेवढ्याच वेळात पेय पाणचट होते आणि ते पुन्हा ठीक करता येत नाही.

चव मात्र शेकरमधून गाळल्यावर, गारच घ्यावी. गारव्यात गोडवा दबलेला असतो, म्हणून खोलीच्या तापमानाला बरोबर वाटणारे मिश्रण गार झाल्यावर आंबट लागते, आणि पेला रेंगाळला की शेवटचे घोट गोड होत जातात. मी पेला आधी फ्रीजरमध्ये ठेवतो आणि तो लहानच घेतो, कारण जुळवलेला तोल पहिल्या काही मिनिटांपुरताच टिकतो.