पहिला रिपोर्ट नॉर्मल, मग परत रक्त कशाला?

"छातीत दुखलं तर ट्रोपोनिन एकदाच करा. नॉर्मल आलं की अ‍ॅटॅक नाही, सरळ घरी या. दोन तासांनी परत तीच टेस्ट सांगितली तर ओळखा, बिल वाढवायलेत. आणि ट्रोपोनिन वाढलं की अँजिओग्राफी गळ्यात मारतातच."

हे घरच्या ग्रुपवर टाकलं कुणी, तर आमच्या मामांनी! काकांच्या वेळी हेच मामा माझ्या शेजारी बाकड्यावर बसले होते. मी लॅबमध्ये काम करतो, म्हणून गप्प बसवेना.

काकांची छाती पहाटे साडेपाचला गोठ्यात आवळली. साडेसहाला आम्ही परभणीत. ईसीजी साफ. ट्रोपोनिन टी ८ नॅनोग्रॅम; त्या किटची नॉर्मल मर्यादा १४. काका चप्पल घालून उभेच राहिले. डॉक्टरांनी बसवून ठेवलं. साडेआठला दुसरं रक्त काढलं, आकडा ३१.

पहिला रिपोर्ट चुकला नव्हता. हृदयाच्या पेशी मरायला लागल्या की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात झिरपतं, आणि झिरपायला वेळ लागतो. तासाभरात पोचलेल्या माणसाचं रक्त अजून साफ दिसू शकतं. म्हणून बघायचं ते दोन आकड्यांमधलं अंतर. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत या किटसाठी दोन तासांचा हिशोब दिलाय: पहिला आकडा १४ च्या आत आणि वाढ ४ पेक्षा कमी, तर अ‍ॅटॅकची शक्यता फार कमी. वाढ १० किंवा जास्त, तर अ‍ॅटॅक धरून उपचार. मधल्यांना थांबवून पुन्हा तपासायचं. काकांची वाढ २३. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं ९ चं १० झालं, ईसीजी साफ, दुखणंही थांबलेलं. त्या दुपारी घरी गेल्या. म्हणजे याच दुसऱ्या टेस्टनं त्यांचं अ‍ॅडमिशन वाचवलं, मामा.

एकदाच पुरते, हे कधीकधी खरंय, नाही म्हणत नाही. दुखणं सुरू होऊन तीन तास उलटलेत, ईसीजी साफ आहे आणि याच किटवर आकडा ५ च्या खाली आहे, तर एका रक्तावर भागतं. पण ते अगदी थोडं ट्रोपोनिनही मोजणाऱ्या हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्टवर. तालुक्याला रेघ उमटणारं कार्ड वापरतात, त्यावर रेघ नाही आली म्हणजे ५ च्या खाली, असं होत नाही. आणि सेलूचा आकडा परभणीच्या आकड्यातून वजा करायचा नाही. किट वेगळं, तर मर्यादाही वेगळी. दोन्ही रक्तं एकाच मशीनवर लागतात.

ईसीजीतच मोठा अ‍ॅटॅक दिसला तर पहिल्या रिपोर्टचीही वाट बघत नाहीत.

अँजिओग्राफीचं म्हणाल, तर ट्रोपोनिन वाढलं की ती करतातच असं नाही. किडनीच्या पेशंटचं ट्रोपोनिन बऱ्याचदा एरवीही वाढलेलं असतं. ४० चं दोन तासांनी ४१ च राहिलं, तर ताजा अ‍ॅटॅक असण्याची शक्यता कमी होते. पण हे कळायलाही दुसरं रक्त द्यावं लागतं.