गळ्यावर हात ठेवून एस आणि झेड कळतात का?

"गळ्यावर हात ठेवा आणि अक्षर म्हणा. थरथर जाणवली तर घोष, नाही जाणवली तर अघोष. एवढं जमलं की एस-झेड आणि एफ-व्ही कधीच चुकणार नाहीत, शब्दातसुद्धा नाहीत."

इंग्रजी उच्चारांसाठी असा सल्ला मिळतो, पण त्यातली पहिली गोम 'अक्षर म्हणा' यातच आहे. मराठी अक्षर म्हटलं की त्यात अ आलाच. 'स' म्हणताना स् क्षणभर येतो आणि मागोमाग अ येतो. स्वर घोषच असतो, त्यामुळे 'स' म्हणा की 'झ' म्हणा, बोटांना थरथर लागतेच. इंग्रजी नावांचंही तेच: एस, झेड, एफ, व्ही या चारही नावांत स्वर आहे.

म्हणून स्वर काढून टाका. कंठमण्याच्या बाजूला दोन बोटांची टोकं हलकेच ठेवा. नुसता स्स्स् तीन-चार सेकंद ताणा. बोटांना काही लागणार नाही, फक्त हवेची सळसळ ऐकू येईल. आता जीभ, ओठ आणि श्वास जिथल्या तिथे ठेवून मागून फक्त गुणगुण सुरू करा. तो झेड. एकाच श्वासात स्स्-झ्झ्-स्स्-झ्झ् असं आलटून पालटून करा, म्हणजे बदलतं ते फक्त स्वरयंत्रात हे लक्षात येतं. बोटांना नीट कळत नसेल तर दोन्ही तळव्यांनी कान झाका. झेडला डोक्यात मोठा घुमारा होतो, एसला होत नाही. हे सगळं नेहमीच्या आवाजात करायचं. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावतच नाहीत, तेव्हा चारही ध्वनी 'अघोष' निघतील.

आता 'कधीच चुकणार नाहीत'कडे येऊ. गळ्यातली थरथर स्वरतंतूंबद्दल सांगते, तोंडात काय चाललंय याबद्दल काहीच सांगत नाही. आणि मराठी माणसाची चूक बहुतेक तोंडातच होते. श, ष, स हे तिन्ही अघोष, आणि वर्णमालेत त्यांना घोष जोडीदारच नाही. ती रिकामी जागा आपण जवळच्या ध्वनीने भरतो. 'झू' म्हणताना अनेकांची जीभ आधी दातांमागे टेकते आणि मग सुटते, 'जाड'च्या सुरुवातीला टेकते तशी. काही जण 'झिप'चं 'जिप' करतात, तिथे जीभ टाळूला टेकते. दोन्ही वेळा गळा व्यवस्थित थरथरतो, चाचणी पास होते आणि ध्वनी मात्र चुकलेला असतो. ओळखायची खूण अशी: खऱ्या झेडची सुरुवातसुद्धा ताणता येते. आधी छोटीशी अडवणूक आणि मग घर्षण होत असेल, तर जीभ टेकली आहे. अशा वेळी शब्द थेट म्हणू नका. स्स्स् धरा, त्यातच गुणगुण चालू करा आणि तिथून 'ऊ'वर जा.

व्हीचं दुखणं याहून छुपं आहे. मराठी 'व'सुद्धा घोषच, पण त्यात घर्षण जवळजवळ नसतं. इंग्रजी डब्ल्यूही घोषच. त्यामुळे बनियन-जाकिटाचा 'वेस्ट' आणि पश्चिमेचा 'वेस्ट' यांतला फरक गळा कधीच सांगणार नाही. इथे आरसा घ्या. व्हीला खालच्या ओठाची आतली कड वरच्या दातांना लागलेली दिसली पाहिजे आणि ताणताना ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. डब्ल्यूला ओठ गोल होतात, दात मध्ये येत नाहीत. एफचीही जागा व्हीचीच, फक्त गुणगुण बंद. 'फळ'मधला फ अनेक जण दोन्ही ओठ मिटून, हवेच्या झटक्याने काढतात. तो ताणता येत नाही; तुमचा एफ ताणता येत नसेल तर तो एफ नाही.

राहिलं 'शब्दातसुद्धा'. किंमत या अर्थाचा 'प्राइस' आणि बक्षीस या अर्थाचा 'प्राइझ' घ्या. शब्द वाक्याच्या शेवटी आला की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्याही तोंडी झेडची थरथर मध्येच विझते, कधी जवळजवळ नसतेच. तरी ऐकणाऱ्याला फरक कळतो, कारण झेडच्या आधीचा स्वर लांब असतो, ठळक उच्चारात साधारण दीडपट. उलट एसच्या आधी स्वर आखूड आणि एस स्वतः लांब, जोरकस. हे माहीत नसलेला विद्यार्थी शेवटी गळा थरथरवायला जातो आणि 'प्राइझ्झ' असं काहीतरी, शेवटी अ चिकटवून म्हणतो. त्यापेक्षा 'आइ' ताणा आणि झ् हलकाच सोडा. 'प्राइस'ला 'आइ' झटकन आटपा आणि स् नीट लांबवा. 'सेफ' आणि 'सेव्ह'लाही हाच हिशेब.

प-ब, ट-ड, क-ग यांना ही ताणून बघायची युक्ती लावूच नका. तिथे हवा पूर्ण अडलेली असते, ध्वनी धरून ठेवता येत नाही. शिवाय इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा ब पुष्कळदा ओठ सुटेपर्यंत थरथरतच नाही. प वेगळा कळतो तो मागून येणाऱ्या हवेच्या झोतामुळे. त्यासाठी गळ्यावर बोट नको, ओठांसमोर कागदाची पट्टी धरा: 'पिन'ला ती हलते, 'बिन'ला जेमतेम.